छतदुरुस्तीचा ठराव: दोन पानांवरून पाच स्लाइडवर

गेल्या सर्वसाधारण सभेत आम्ही सभागृहाच्या छतदुरुस्तीचा दोन पानी प्रस्ताव जसाच्या तसा पडद्यावर लावला. आम्ही बोलत होतो आणि सभासद वाचत होते, त्यामुळे ऐकत कोणीच नव्हते. मागच्या रांगेला तर अक्षरही दिसत नव्हते. ठराव पुढे ढकलला गेला. पावसाळ्याआधीच्या सभेसाठी त्याच मजकुराच्या स्लाइड नव्याने केल्या, त्याची ही हकिगत.

मूळ परिच्छेद असा होता: ‘रंगमंचावरील छत गळत असल्याने गेल्या पावसाळ्यात तीन कार्यक्रम रद्द करावे लागले व दोन दरपत्रके मागवली असता पहिले १ लाख ८० हजारांचे, पाच वर्षांच्या हमीचे, तर दुसरे ४ लाख २० हजारांचे, दहा वर्षांच्या हमीचे आले, मात्र दुसरी हमी दरवर्षी त्यांच्याकडूनच सशुल्क तपासणी करून घेतल्यास लागू राहील.’

आधी कागदावर छापून घेतले आणि प्रत्येक तुकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते समासात लिहिले. काय बिघडले? पर्याय कोणते? या एका वाक्यात दोन प्रश्न निघाले, म्हणून दोन स्लाइड. पूर्ण प्रस्तावाच्या पाच झाल्या.

शीर्षक ‘छतदुरुस्ती’ एवढेच ठेवले तर काहीच कळत नाही. आम्ही पूर्ण वाक्य घातले:

छत गळल्यामुळे तीन कार्यक्रम रद्द झाले
- गळती रंगमंचाच्या वर
- रद्द कार्यक्रम गेल्या पावसाळ्यातले

मुद्दे सुटे केले की त्यांना जोडणारा ‘मुळे’ आधी गळतो. तो शीर्षकात ठेवल्याने कारण टिकले. शीर्षकात ‘आणि’ घालावासा वाटला, तर बहुधा तिथे दुसरी स्लाइड दडलेली असते.

खरी चूक पर्यायांच्या स्लाइडवर झाली. पहिल्या खर्ड्यात आम्ही ‘दुसरे दरपत्रक: हमी १० वर्षे’ असे आटोपशीर लिहिले. ‘मात्र’पुढचे सगळे उडाले! त्यावर हात वर झाले असते, तर सभासदांनी तपासणीचा वार्षिक खर्च न कळताच मत दिले असते. कर्जाच्या कागदावर अटी वाचण्यात उभी नोकरी गेलेल्या आमच्याकडून हे व्हावे! मग काटछाटीआधी ‘मात्र’, ‘तर’, ‘वगळून’, ‘पर्यंत’ या शब्दांना लाल गोल केले. त्यांच्यापुढचा मजकूर लहान करायचा, गाळायचा नाही:

दुसरा पर्याय महाग, पण हमी दुप्पट
- पहिला: १.८० लाख, हमी ५ वर्षे
- दुसरा: ४.२० लाख, हमी १० वर्षे
- दुसऱ्याची अट: दरवर्षी त्यांचीच सशुल्क तपासणी

क्रियापदे गेली तरी चालतात. आकडा आणि अट मात्र हवीच. ‘दरपत्रके मागवली असता’सारखे बोलायचे तपशील पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखालच्या Notes च्या चौकटीत ठेवले. अक्षर २८ च्या खाली नेले नाही. मजकूर मावेना तेव्हा अक्षर बारीक न करता स्लाइड वाढवली. मूळ दोन पाने सभेच्या आठ दिवस आधी घरोघरी पाठवली, कारण हिशेब बारकाईने तपासणाऱ्याला स्लाइड पुरत नाही.