‘काम करून टाका, कागद नंतर होतील’

लहान शहरांत सरकारी कामं घेणाऱ्या ठेकेदारांनी हे वाक्य हमखास ऐकलेलं असतं. सांगणारा अधिकारी लबाड असतोच असं नाही. पाणी बंद पडलेलं असतं, लोक दारात उभे असतात आणि काम खरोखरच निकडीचं असतं. पण वर्षभरात साहेबांची बदली होते, बिल लेखा विभागात अडकतं आणि नव्या साहेबांना फाइलमध्ये ना ठराव सापडतो ना आदेश. मग प्रश्न उभा राहतो: पैसे द्यायचे कोणी?

सरकारी पैसा खर्च करण्याचा अधिकार माणसाला नव्हे, पदाला असतो. तोही ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक रकमेपर्यंतच. त्यापुढची रक्कम असली की प्रस्ताव वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा सभागृहाकडे न्यावा लागतो. त्यांनाच ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणतात. अधिकार नसलेल्याने कितीही मोठी सही केली, तरी ती मंजुरी ठरत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मे महिन्यात एका नगरपरिषदेचा पाणीपुरवठ्याचा पंप जळाला. नवा पंप बसवून ४ लाख ८० हजारांना पडणार आहे आणि मुख्याधिकाऱ्यांचे स्वतःचे अधिकार १ लाखापर्यंतच आहेत, असं समजू. अशा वेळी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर यावी लागतात. हे काम एवढ्या पैशांत करायचं का, याचं उत्तर प्रशासकीय मान्यता देते. पंपाची क्षमता आणि लावलेले दर बरोबर आहेत का, हे अभियंता तपासतो. ती तांत्रिक मान्यता. आणि यंदाच्या अर्थसंकल्पात त्या लेखाशीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत का, हे लेखापाल सांगतो. ती तरतूद. क्रम विभागागणिक थोडा बदलतो, पण एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. तिजोरीत पैसे आहेत म्हणून मान्यता मिळाली असं होत नाही. मान्यता मिळाली म्हणून तरतूद झाली, असंही नाही. तिन्ही झाल्यावर निविदा, मग कार्यारंभ आदेश. पंप बसला की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि त्यानंतरच बिल निघतं.

पण तहानलेलं गाव सभेची तारीख लागेपर्यंत थांबू शकत नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ५८(२) नुसार, लोकांच्या सेवेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी तातडीने करावं लागणारं काम, ज्याला एरवी परिषदेची मंजुरी लागली असती, ते करून घेण्याचा आदेश नगराध्यक्ष देऊ शकतात आणि त्याचा खर्च नगरपरिषद निधीतून भागवता येतो. मात्र काय केलं आणि का केलं, हे त्यांनी लगेच परिषदेपुढे ठेवायचं असतं. आपल्या उदाहरणातला पंप या दारातून सहज आत येतो. त्याच कलमाखाली बागेचं सुशोभीकरण आलं, तर प्रश्न उठणारच. निकड होती की नव्हती हे फाइलवरच्या तारखांवरून कळतं. ‘अत्यंत तातडीचं’ म्हणून मंजूर झालेलं काम प्रत्यक्षात तीन महिन्यांनी सुरू झालं असेल, तर ते तातडीचं नव्हतं.

मर्यादा चुकवण्याची दुसरी वाट म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. ४ लाख ८० हजारांच्या खरेदीची पाच बिलं केली की प्रत्येक बिल १ लाखाच्या आत बसतं. पंप एकाचा, मोटार दुसऱ्याची, जोडणी तिसऱ्याची, असं कागदावर दाखवलं जातं. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनी अशा तुकडेबाजीला स्पष्ट मनाई केली आहे आणि राज्यातल्या खरेदीलाही हेच तत्त्व लागू होतं. लेखापरीक्षकाला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. एकाच दिवसाच्या पाच मागण्या, एकाच पुरवठादाराचे लागोपाठचे बिल क्रमांक, तीन वेगळ्या दुकानांच्या दरपत्रकांत सारख्याच शुद्धलेखनाच्या चुका. इतकं पुरतं.

मग जबाबदारी कोणाची? पंप आला, पाणी सुरू झालं, दरही वाजवी होता आणि फक्त मंजुरी राहून गेली असेल, तर कार्योत्तर मंजुरीचा मार्ग असतो. ती मुळात जो सक्षम होता त्यानेच द्यायची असते आणि तो नाकारूही शकतो. शिवाय तिने मंजुरीची उणीव भरून निघते. चढे दर किंवा टाळलेली निविदा त्यामुळे माफ होत नाही. नुकसान झालं असेल, तर महाराष्ट्र स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम, १९३० खाली ‘भार-अधिभारा’ची कारवाई होऊ शकते. म्हणजे बेकायदा रक्कम देणाऱ्याकडून किंवा ती देण्यास मान्यता देणाऱ्याकडून ती वसूल करायची. त्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. निवृत्तीनेही सुटका होईलच असं नाही. राज्य कर्मचाऱ्याच्या गंभीर गैरवर्तनामुळे किंवा निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्याचं सिद्ध झालं, तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ प्रमाणे ते निवृत्तिवेतनातून वसूल करता येतं. मात्र निवृत्तीनंतर नव्याने विभागीय चौकशी सुरू करायची असेल, तर घटना चार वर्षांहून जुनी असून चालत नाही.

आता ठेकेदाराकडे वळू. त्याची बाजू १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवली. १९४४ मध्ये बंगालच्या हुगळी जिल्ह्यात बी. के. मंडल आणि सन्स या कंपनीने नागरी पुरवठा खात्यासाठी आरामबागला कार्यालय, पहारेकऱ्यांची खोली, कच्चा रस्ता अशी कामं केली आणि खानाकुलला गोदामं बांधली. अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून बांधली. पण करार करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना नव्हता आणि कायद्याला हवा तसा लेखी करारही झाला नव्हता. सरकारने इमारती वापरल्या आणि करारच वैध नाही म्हणून पैसे नाकारले. निकालपत्र लिहिलं मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. करार वैध नव्हता, हे त्यांनी मान्य केलं. पण भारतीय करार अधिनियमाचं कलम ७० सांगतं की, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. सरकारला इमारती नको होत्या, तर नाकारता आल्या असत्या. स्वीकारून वापरल्या, म्हणून पैसे देणं भाग होतं.

हा निकाल ठेकेदाराला दिलासा देणारा असला, तरी त्याच्या भरवशावर काम हाती घेऊ नये. ही भरपाई कराराची ठरलेली किंमत नसते. घेतलेल्या लाभापुरती असते आणि तो लाभ किती, हे ठेकेदाराने न्यायालयात सिद्ध करावं लागतं. मंडल यांना १९४४ च्या कामाचा शेवटचा निर्णय १९६१ मध्ये मिळाला.

म्हणून काम घेणाऱ्याने कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत कुदळ मारू नये. आदेशावर जावक क्रमांक, तारीख, मंजुरीच्या ठरावाचा उल्लेख आणि सही करणाऱ्याचं पद आहे का, ते पाहावं. नागरिकाला आपल्या वॉर्डातल्या कामाबद्दल शंका असेल, तर माहिती अधिकारात प्रशासकीय मान्यतेची प्रत, तरतुदीचा दाखला आणि मोजमाप पुस्तिकेची पानं मागावीत. या तीन कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळत नसतील, तर पुढचा प्रश्न लेखी विचारावा.