फक्त ‘मोकळी’ आणि ‘व्यस्त’ : बाहेरच्यांना कॅलेंडर दाखवताना

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एक आर्किटेक्ट बाई नाशिकला एका इमारतीचं काम करताहेत. बांधकामाचा सांगाडा ज्यांच्याकडे आहे ते स्ट्रक्चरल इंजिनीअर मुंबईच्या दुसऱ्या फर्ममध्ये आहेत. पुढचे काही महिने दोघांना दर आठवड्याला बोलावं लागणार. प्रत्येक वेळी ‘गुरुवारी जमेल का?’, ‘नाही, शुक्रवारी दुपारी?’ असे चार-पाच निरोप जातात. दोघंही गूगल कॅलेंडर वापरतात, तेव्हा एकमेकांचं कॅलेंडर पाहता आलं तर हे सगळं वाचेल. पण बाईंच्या कॅलेंडरमध्ये बँकेतली कर्जाची भेट आहे, डॉक्टरांची वेळ आहे आणि दुसऱ्या एका इंजिनीअरशी ठरलेली बैठकही आहे. यातलं काहीच मुंबईच्या इंजिनीअरांना कळायचं कारण नाही. त्यांना हवं ते इतकंच, की गुरुवारी चार ते पाच ही वेळ भरलेली आहे की रिकामी.

त्यासाठीची सोय कॅलेंडरमध्ये आधीपासून आहे. संगणकावर गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डावीकडे आपलं कॅलेंडर निवडायचं. कॅलेंडर ठरावीक लोकांना दाखवण्याच्या भागात समोरच्याचा ईमेल घालायचा आणि परवानगीच्या यादीतून ‘See only free/busy (hide details)’ निवडायचं. समोरच्याला मग फक्त भरलेल्या वेळांचे चौकोन दिसतात. कशासाठी, कुठे, कोणाबरोबर हे दिसत नाही. आउटलुकमध्ये याच परवानगीला ‘Can view when I'm busy’ म्हणतात.

त्याच सेटिंग्जमध्ये दोन वाटा अशा आहेत की घाईत तिकडे पाय वळतो. पहिली ‘Make available to public’. तिथेही फक्त व्यस्त वेळा दाखवता येतात, पण त्या जगातल्या कोणालाही. नुसते चौकोनही बरंच सांगून जातात. दर मंगळवारी ठरावीक वेळ भरलेली असेल, किंवा सलग दहा दिवस दिवसभर व्यस्त असतील, तर बाई गावाला गेल्या आहेत हे कोणीही ओळखेल. एका माणसाला दाखवायचं असेल तर त्याच माणसाचं नाव घालावं. दुसरी वाट याहून धोक्याची आहे. सेटिंग्जच्या तळाशी ‘Secret address in iCal format’ नावाची एक लांबलचक लिंक असते. ती पाठवली की ज्याच्या हाती लागेल त्याला सगळ्या नोंदी नावानिशी वाचता येतात. निवडलेली परवानगी तिथे लागू होत नाही. ती चुकून कोणाला गेली असेल तर तिथेच ‘Reset’ करून जुनी लिंक बंद करावी.

परवानगी बरोबर दिली तरी काही गोष्टी निसटतात. गूगल कॅलेंडरमध्ये एखाद्या नोंदीची दृश्यता ‘Public’ केलेली असेल, तर ज्यांना फक्त व्यस्त-मोकळी पाहायची परवानगी आहे त्यांनाही त्या नोंदीचा सगळा तपशील दिसतो. उलट अंगाने, दिवसभराची नोंद गूगल सहसा ‘Free’ धरतो. बाईंनी ‘नाशिक साइट’ अशी पूर्ण दिवसाची नोंद केली आणि ‘Busy’ करायला विसरल्या, तर मुंबईला तो दिवस मोकळा दिसणार आणि तिथून बैठकीचं निमंत्रण येणार. घरच्या कामांसाठी वेगळं कॅलेंडर ठेवलं असेल, तर त्यातल्या वेळाही दिसत नाहीत, कारण परवानगी एकेका कॅलेंडरपुरती असते. मुलाच्या शाळेची पालकसभा त्यात असेल, तर मुख्य कॅलेंडरवर तेवढी वेळ नुसती ‘Busy’ म्हणून अडवून ठेवावी लागते.

हे तपासायची खात्रीची पद्धत एकच. आपल्याच दुसऱ्या ईमेल खात्याला, किंवा घरातल्या कोणाच्या खात्याला, आधी तीच परवानगी द्यायची आणि त्यांच्या पडद्यावर आपला पुढचा आठवडा पाहायचा. एखाद्या चौकोनावर नाव दिसलं किंवा भरलेला दिवस रिकामा दिसला, तर ती नोंद लगेच दुरुस्त करता येते.

आता दुसरी बाजू. इंजिनीअरांकडूनही एवढंच हवं आहे, पण ते वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. ‘तुमचं कॅलेंडर शेअर करा’ असा एका ओळीचा निरोप गेला, तर समोरचा माणूस दचकतो. या बाई माझ्यावर नजर ठेवणार की काय, असं वाटणं स्वाभाविक आहे. कॅलेंडरमधून थेट परवानगीची विनंती पाठवली तर सोबत एक कोरडा ईमेल जातो, त्यात कारण कळत नाही. म्हणून आधी आपलं दाखवावं, मग मागावं, आणि मागताना काय दिसेल, काय दिसणार नाही आणि किती दिवस, हे स्पष्ट लिहावं. माझ्या मते असं पत्र पुरेसं आहे :

“नमस्कार सर,
नाशिकच्या कामासाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत आपलं दर आठवड्याला बोलणं होईल. वेळ ठरवणं सोपं व्हावं म्हणून मी माझं कॅलेंडर तुमच्या ईमेलवर दाखवायची परवानगी दिली आहे. त्यात मी कधी व्यस्त आहे एवढंच दिसेल.
तुम्हाला चालणार असेल तर तुमच्याकडूनही एवढंच मिळावं, ही विनंती. परवानगी देताना ‘See only free/busy (hide details)’ हा पर्याय निवडावा. बैठकीचं नाव, ठिकाण, माणसं मला दिसणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. माझ्याशिवाय ते कोणी पाहणार नाही. काम संपलं की मी तुमचं कॅलेंडर माझ्याकडून काढून टाकीन.
हे सोयीचं नसेल तर दर सोमवारी त्या आठवड्यातल्या दोन मोकळ्या वेळा कळवल्यात तरी माझं काम होईल.”

शेवटचा परिच्छेद गाळू नये. त्याने समोरच्याला नाही म्हणायची जागा मिळते आणि कामही अडत नाही. पर्यायाचं नेमकं नाव लिहिण्यालाही कारण आहे. गूगलच्या यादीत त्याच्याच खाली ‘See all event details’ आहे, आणि समोरच्याने चुकून ते निवडलं तर त्यांच्या फर्मची माहिती आपल्यासमोर उघडी पडते. तसं झालेलं दिसलं तर न वाचता लगेच कळवावं. शिवाय बऱ्याच कंपन्यांत बाहेरच्यांना व्यस्त-मोकळीपलीकडे काहीच दाखवता येणार नाही, अशी मर्यादा आयटी विभागानेच घातलेली असते. जास्त मागितलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

परवानगी मिळाली तरी पडद्यावरच्या रिकाम्या वेळेला होकार समजू नये. ती वेळ जेवणाची असेल किंवा प्रवासाची. समोरचे आउटलुकवर असतील आणि त्यांचं कॅलेंडर लिंकने आपल्या गूगलमध्ये जोडलं असेल, तर बदल दिसायला काही तास लागू शकतात. त्यामुळे आजच्या आज भेटायचं असेल तर फोनच करावा. परदेशातल्या माणसाशी ठरवत असाल तर चौकोन आपल्या घड्याळाप्रमाणे दिसतात, त्याच्या नाही. जर्मनीत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. आपल्याकडे संध्याकाळी सहाला रिकामं दिसलं म्हणून निमंत्रण पाठवण्याआधी तिकडे किती वाजले असतील ते पाहावं.

अशा परवानगीला गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप संपणारी मुदत नसते. इमारत उभी राहिली, बिलं चुकती झाली, तरी इंजिनीअरांना बाईंचे चौकोन दिसतच राहतात. काम संपेल त्या आठवड्यात सेटिंग्जमधल्या यादीतून त्यांचं नाव स्वतः काढून टाकावं, आणि त्यांनाही तसं करायला सांगावं.