आधी खालची टाकी

आमच्या सोसायटीत टाकी धुण्याचा दिवस वर्षानुवर्षं एकाच साच्यातला असायचा. दोन मुलं यायची, गच्चीवरच्या टाक्या घासायची, चार मुठी ब्लीचिंग पावडर टाकायची आणि दुपारी नळ सुरू व्हायचे. पार्किंगमधल्या खालच्या टाकीचं झाकण मात्र कुणी उघडत नसे. एका पावसाळ्यानंतर सकाळचं पहिलं पाणी गढूळ यायला लागलं, तेव्हा आम्ही ते उघडलं. बॅटरीच्या उजेडात तळाशी चार बोटं काळसर गाळ दिसला. भिंतींवर हात फिरवला तर बोटं घसरत होती.

पालिकेचं पाणी आधी खालच्या टाकीत येतं आणि पंपाने वर चढतं. म्हणजे गाळ बसतो तो इथेच. खालची टाकी तशीच ठेवून वरची धुतली, तर पंप सुरू झाल्याबरोबर तीच घाण पुन्हा गच्चीवर जाते. त्यामुळे सुरुवात खालून करायची, आणि खरा धोकाही खालीच आहे.

2025 च्या मार्चमध्ये मुंबईत नागपाड्याला, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून दगावले. बंद टाकीत गाळ कुजतो, लोखंड गंजतं, नव्या बांधकामात सेंट्रिंगची लाकडं सडतात, आणि हे सगळं हवेतला प्राणवायू खातं. वरून बघणाऱ्याला काहीच जाणवत नाही. उतरलेला माणूस एकदम खाली बसतो आणि त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही तिथेच पडतो. डिझेल किंवा पेट्रोलवरचा पंप टाकीत किंवा झाकणाच्या तोंडाशी चालवला, तर त्याच्या धुरातला विषारी वायू आत साचतो आणि त्या वायूला वासही नसतो. कंदील सोडून बघायची जुनी पद्धतही पुरेशी नाही, कारण तो विषारी वायू दाखवत नाही.

म्हणून शक्यतो कुणी उतरूच नये. दोन मीटर खोल टाकी वरून प्रेशर जेटने, लांब दांड्याच्या ब्रशने आणि गाळ ओढणाऱ्या विजेच्या पंपाने बरीचशी साफ होते. उतरावंच लागलं तर सगळी झाकणं उघडून ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडायचा, अर्धा तास हवा खेळवायची आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. गॅस मीटरने वर, मध्ये आणि तळाशी हवा मोजायची. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल किंवा मीटरने दुसऱ्या कुठल्या वायूचा इशारा दिला, तर उतरायचं नाही. विजेचा पंप बाहेर काढून, प्लग उपसून मगच माणूस आत जाईल. त्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं टोक धरलेला माणूस बाहेर. त्याने चहालाही हलायचं नाही. आतला पडला तर दोराने वर ओढायचं आणि 101 ला फोन करायचा, पण मागोमाग उतरायचं नाही. ठेकेदाराकडे ब्लोअर आणि मीटर नसेल तर त्याला काम देऊ नका, दर कितीही कमी असो.

घासण्याला पर्याय नाही. क्लोरीन जंतूंना मारतो तसा गाळावर आणि बुळबुळीत थरावरही खर्ची पडतो. थर राहिला तर पावडर त्यातच संपते आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. मात्र डाग काढायला ॲसिड वापरू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद जागेत तो फुप्फुसं जाळतो.

टाकी रिकामी झाली की दोन तास तशीच ठेवा. आमच्या टाकीच्या एका कोपऱ्यात, भिंत कोरडी होत असताना, हातभर जागा पुन्हा पुन्हा ओली होत होती. पलीकडे सहा फुटांवर ड्रेनेजचा चेंबर होता. टाकी भरलेली असताना आतलं पाणी बाहेर दाब देतं, पातळी उतरली की बाहेरचं आत झिरपतं. अशी भेग असेल तर कितीही पावडर टाकून उपयोग नाही. आम्ही गवंडी बोलावला, वॉटरप्रूफिंग करून घेतलं, चेंबरची गळती काढली आणि मगच पुढचं काम केलं.

आता पावडरीचा हिशोब. आमची खालची टाकी 3 मीटर लांब, 2 रुंद, 2 खोल, म्हणजे 12,000 लिटरची. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे एकूण 600 ग्रॅम. ताज्या ब्लीचिंग पावडरीत (ग्रामपंचायतीत हिलाच टीसीएल म्हणतात) साधारण 30 टक्के क्लोरीन धरला, तर 2 किलो पावडर झाली. उघड्या पिशवीत पडून ओली झालेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, तेव्हा नवी सीलबंद पिशवीच आणा. ती प्लास्टिकच्या बादलीत थोडी थोडी करून पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. हे बाहेर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून.

टाकी चतुर्थांश भरल्यावर निवळी ओतली आणि मग पूर्ण भरली, की पाणी नीट मिसळतं. आठ तास ते तसंच राहू द्यायचं. तोवर गच्चीवरच्या दोन्ही 5,000 लिटरच्या टाक्या घासून घ्यायच्या. मात्र घरांकडे जाणारा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा आणि धुण्याचं पाणी वॉशआउटमधून बाहेर काढायचं. संध्याकाळी तेच क्लोरीनचं पाणी पंपाने वर चढवायचं. एकाच पाण्यात दोन्ही टाक्यांचं काम होतं, टँकरचा एक खेप वाचतो. मग व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक घरात प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा आणि बंद करायचा, म्हणजे पाइपही रात्रभर धुतले जातात. गीझर बंद, आणि आरओचा व्हॉल्व्ह घट्ट बंद, कारण इतका क्लोरीन त्याचा मेम्ब्रेन खातो. हे पाणी प्यायचं नाही, अंघोळीलाही घ्यायचं नाही. आदल्या दिवशी सगळ्यांनी पिण्याचं पाणी भरून ठेवायचं.

सकाळी ते गटाराच्या लाइनला सोडायचं. नाल्यात, झाडांना किंवा सेप्टिक टँकमध्ये नाही. तिथले उपयोगी जीवाणू मरतात. मग ताजं पाणी भरून नळ सोडायचे आणि ओटी टेस्ट करायची. थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला तर ठीक. नारिंगी आला तर अजून क्लोरीन जास्त आहे, पाणी बदला. कमाल मजल्यावरच्या नळाला लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मिळायला हवा. दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्याच निर्जंतुक बाटलीत नमुना तपासायला द्यायचा.

वेळापत्रक साधं आहे. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत एकदा, आणि दिवाळीनंतर एकदा. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन दोन्ही टाक्यांत डोकवायचं, ओव्हरफ्लो आणि व्हेंटच्या जाळ्या बघायच्या, कारण डेंग्यूचा डास तिथूनच आत जातो. पार्किंगमध्ये पाणी साचून झाकणाच्या वर गेलं, आत उंदीर किंवा पक्षी मेला, ड्रेनेज फुटलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी पाणी बंद करून सगळं पहिल्यापासून करायचं. आम्ही खालच्या टाकीचा कट्टा पार्किंगच्या फरशीपासून वीतभर उंच करून घेतला आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने शेवटच्या सफाईची तारीख लिहिली आहे.