ओली हळद, वाळली हळद आणि सात मिनिटं

आमच्या संस्थेत डिप्लोमा फिल्मच्या पिचला सात मिनिटं मिळतात. समोर पहिल्या रांगेत आम्ही प्राध्यापक, मागे मुंबईहून आलेले निर्माते आणि एखाद्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओची माणसं. मराठीत सावकाश बोललं तर सात मिनिटांत आठशेच्या आसपास शब्द होतात. वसमतच्या एका विद्यार्थ्याचं असं भाषण जूनपासून डिसेंबरपर्यंत कसकसं बदलत गेलं, ते मी जवळून पाहिलं. मीही मूळचा वसमतचाच, त्यामुळे माझं लक्ष जरा जास्तच होतं.

जूनच्या मसुद्यात सगळं होतं. मराठवाड्याचा दुष्काळ होता, शेतकऱ्याचं दुःख होतं, सत्यजित राय होते, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमीही होती. फक्त चित्रपट नव्हता. पडद्यावर पहिल्यांदा काय दिसणार, हे चौथ्या पानावरही कळत नव्हतं. माझ्या सहकारी बाईंनी त्याला उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ पुन्हा बघायला सांगितली. 2004 ची ती डिप्लोमा फिल्म. पोटापाण्यासाठी घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजात लहान मुलाचं घर हरवतं. एका दमात सांगता येते, आणि सांगतानाच आवाज ऐकू येतो. बाईंनी विचारलं, तुझ्या गोष्टीत ऐकू काय येतं?

त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं, आणि ते त्याच्या आजीकडून आलं. हळद वाळली की नाही हे डोळ्यांनी नक्की ठरत नाही. वरून खडखडीत दिसणारं हळकुंड आतून ओलं असू शकतं. म्हणून ते कानाशी धरून मोडतात. वाळलेलं असेल तर टणकन तुटतं, धातूवर काहीतरी आपटल्यासारखं. ओलं असेल तर वाकतं, चिवटपणे फाटतं, आवाजच देत नाही. मोंढ्यात बीट सुरू असताना व्यापारीही ढिगातलं एखादं उचलून मोडतो.

यातून गोष्ट बसली. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात एक सून हळद काढते, शिजवते, वाळत घालते. आभाळ भरून येतंय, डोक्यावर देणं आहे, तिला लवकर विकायचंय. सासू म्हणते, “थांब माय, अजून ओली हाय.” ओली नेली तर वजन जास्त भरेल, पण पकडली गेली तर भाव पडेल. थांबली तर अवकाळीत भिजून हळद काळी पडेल. शेवटी मोंढ्यात व्यापारी हळकुंड उचलतो. हे एवढंच. वीस मिनिटांची फिल्म.

इथपर्यंतचं भाषण आम्हा प्राध्यापकांना आवडलं असतं. पण पाहुण्यांचे कान वेगळे असतात. आम्ही विचारतो, हे असंच का सांगायचं? ते विचारतात, हे होईल कसं? आणि या गोष्टीत तो प्रश्न अवघड होता. हळद मे-जूनमध्ये लागते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. आधी पाला कापतात, मग कंद उकरतात, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात. कुकरच्या ड्रममध्ये वाफेवर शिजवतात. काडी सहज आत गेली की झालं. मग उन्हात पसरून रोज हलवत दहा-पंधरा दिवस वाळवतात आणि शेवटी ढोलात घालून पॉलिश करतात. चार-पाच क्विंटल ओल्या मालाची वाळून एक क्विंटल होते, म्हणजे ढीगही तेवढा आक्रसतो. त्याच्या पटकथेत हळद वाफाळती, अर्धी वाळलेली आणि विक्रीला तयार अशा तिन्ही अवस्थांत हवी होती. शूटिंगचे दिवस मात्र पाच. युनिटला पंधरा दिवस गावात बसवून ठेवणं कुणालाच परवडत नाही, आणि दोनदा जायचं तर कॅमेऱ्यासकट सगळं सामान दोनदा न्यायचं.

दिवस कमी असण्याचं रडगाणं पिचमध्ये चालत नाही, हे आता मुलांनाही कळतं. एफटीआयआयमध्ये केलेल्या आणि 2024 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी विभागात पहिली आलेल्या चिदानंद नाईकच्या फिल्मचं शूटिंग चार दिवसांत झालं होतं. पण तिथले चार दिवस एकमेकांसारखे असू शकत होते. इथे पिकाची अवस्थाच बदलायला हवी होती.

मार्ग त्याने गावातच शोधला. कुकरचा मालक आज एकाच्या शेतात असतो, उद्या दुसऱ्याच्या. त्यामुळे मार्चच्या मध्यात एकाच शिवारात कुणाची हळद शिजत असते, कुणाची आठवड्यापूर्वी पसरलेली असते, कुणाची पोत्यात भरायला आलेली असते. मग एकाच हळदीमागे पंधरा दिवस का थांबायचं? तीन शेतकऱ्यांचा माल घ्यायचा आणि पडद्यावर तो एकीचा म्हणून दाखवायचा. फसायची जागा दोन ठिकाणी होती. एक म्हणजे खळ्याची जमीन. शेणाने सारवलेली, सिमेंटची आणि ताडपत्री अंथरलेली, या तिन्ही वेगळ्या दिसतात आणि प्रेक्षक पटकन ओळखतो. म्हणून तिन्हीकडे एकाच रंगाची ताडपत्री ठरली. दुसरी ढिगाची उंची. तिथे त्याने मोठ्या शेतकऱ्याची ओली हळद आणि लहान शेतकऱ्याची वाळलेली निवडली, म्हणजे ढीग आपोआप खरा आक्रसलेला दिसणार.

ही कल्पना त्याने भाषणात सगळ्यात शेवटी ठेवली होती, खर्चाच्या तक्त्याखाली. मी ती वर आणायला लावली. तक्ता सगळेच दाखवतात, आणि त्यातले आकडे बहुतेक वेळा आशावादी असतात. पाहुण्याला मुलाची कुवत कळते ती अशा एखाद्या सोडवलेल्या अडचणीतून.

डिसेंबरमधल्या अंतिम भाषणात दीड मिनिट गोष्ट होती. मग त्याने खिशातून दोन हळकुंडं काढली आणि माइकजवळ धरून मोडली. एक वाकलं, दुसरं टणकन तुटलं. त्यावर काही भाष्य न करता तो ध्वनीकडे वळला: पार्श्वसंगीत नाही, कुकरची वाफ, ढोलाची घरघर आणि हा आवाज. मग तीन शेतकऱ्यांची योजना. जनरेटर नांदेडहून, कारण तेच जवळचं मोठं शहर. पाऊस आलाच तर त्याच दिवशी सासूची घरातली दृश्यं, त्यासाठी घर पाचही दिवस हाताशी ठेवलेलं.

शेवटी मागणी. इथे बरीच मुलं अडखळतात. पाहुण्यांनी फिल्म विकत घ्यावी असं त्यांना वाटत असतं, पण डिप्लोमा फिल्मचे हक्क सहसा संस्थेकडेच असतात. मग पाहुणा देणार काय? तर वेळ, जागा, माणूस. त्याने एवढंच मागितलं: ध्वनिमिश्रणासाठी चांगल्या स्टुडिओतल्या चार रात्री, कारण शेवटच्या दृश्याचं सगळं त्या एका आवाजावर उभं आहे.

प्रश्नांच्या वेळी एका निर्मात्याने सुचवलं की गोष्टीत लग्नाची हळद घाला, भावनिक होईल. हा म्हणाला, “सर, या घरात आता लग्न नाही, हप्ता आहे.” मागून कुणीतरी हसलं. निर्मात्याने पुढचा प्रश्न विचारला तो थेट जनरेटरच्या भाड्याचा. तेव्हा मला कळलं की तो आता हिशेबात शिरलाय.

समितीने मंजुरी दिली, पण अट घातली: मोंढ्यातलं दृश्य खऱ्या बिटाच्या दिवशी करायचं असेल तर बाजार समितीची लेखी परवानगी जानेवारीअखेर हवी, नाहीतर ते दृश्य बंद गाळ्यात घ्यायचं. स्टुडिओवाल्यांनी चारऐवजी दोन रात्री दिल्या. त्याने लगेच होकार दिला आणि बाहेर येऊन गावी फोन लावला. कुकरवाल्याला मार्चचा दुसरा आठवडा आताच सांगून ठेवायचा होता.