फक्त वाचण्यापुरती परवानगी

दूध संघाच्या संकलन विभागाला एक तक्ता रोज पहाटे हवा असतो. काल दोन्ही पाळ्यांना कोणत्या रूटवर किती लिटर दूध आले, कोणत्या संस्थेची फॅट घसरली, कुठले संकलन अचानक निम्म्यावर आले, हे सकाळचे टँकर सुटण्याआधी कळले तरच त्याचा उपयोग. प्रत्यक्षात संगणक विभागातले कोणीतरी एक्सेल फाइल काढून पाठवते आणि संकलन विभागातली विश्लेषक ती कालच्या फाइलला जोडत बसते. पाठवणारा रजेवर गेला की तक्ता नाही. मग ती एक दिवस संगणक विभागाला पत्र लिहिते : ‘दैनंदिन अहवालासाठी डेटाबेसचा रीड-ओन्ली अ‍ॅक्सेस मिळावा. काम तातडीचे आहे.’ ते पत्र आठवडेच्या आठवडे पडून राहते.

विभागाला ही अडवणूक वाटते. वाचायचेच तर आहे, आम्ही काही बदलणार थोडेच आहोत, असा त्यांचा सवाल असतो. मला मात्र इथे संगणक विभागाची भीती रास्त वाटते. ‘रीड-ओन्ली’ या शब्दाने एकाच शंकेचे उत्तर मिळते : नोंदी बदलल्या किंवा पुसल्या जाणार नाहीत. त्यांच्या मनात आणखी दोन शंका असतात. ही क्वेरी सर्व्हरवर किती भार टाकेल? आणि वाचलेली माहिती पुढे कुठे जाईल? दोन ओळींच्या पत्रात या दोन्हींबद्दल अक्षर नसते.

भाराची शंका आधी घेऊ, कारण ती बाहेरच्या माणसाला सहज पटत नाही. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला एरवी अडवत नाही, हे खरे आहे. पण वाचणाराही तक्त्यावर एक हलके कुलूप लावतो आणि क्वेरी संपेपर्यंत ते सुटत नाही. समजा, अहवालाची क्वेरी रोजच्या रोज संपूर्ण वर्षाच्या नोंदी वाचते आणि तिला चाळीस मिनिटे लागतात. पहाटे पाचला ती सुरू झाली. सव्वापाचला सॉफ्टवेअर पुरवठादाराने त्याच तक्त्यात नवा रकाना घालण्यासाठी `ALTER TABLE` चालवले. या आज्ञेला तक्ता पूर्ण मोकळा लागतो, म्हणून ती अहवाल संपण्याची वाट पाहत थांबते. खरी अडचण त्यानंतरची आहे : तिच्या मागून येणारी प्रत्येक नवी नोंद आता तिच्या पाठीमागे रांगेत उभी राहते. साडेपाचला केंद्रे उघडतात. ज्या केंद्रांची नोंद थेट सर्व्हरवर जाते, तिथे दूध मोजून झालेले असते आणि पडदा गोठलेला असतो. दारात कॅन घेऊन सभासद उभे असतात आणि कारण असते दूरच्या कार्यालयातली, एकही नोंद न बदलणारी एक क्वेरी.

अशा वेळी `pg_stat_activity` पाहिले, तर ढीगभर आज्ञांसमोर `Lock` असे थांबण्याचे कारण दिसते आणि `pg_blocking_pids()` विचारले की रांगेच्या तोंडाशी कोण बसले आहे ते कळते. पण पहाटे साडेपाचला ते पाहायला कोण असते? म्हणून हा विचार पत्र लिहितानाच व्हायला हवा.

दुसरी शंका माहितीची. वाचता येणारी प्रत्येक गोष्ट उतरवून घेता येते. संघाच्या डेटाबेसमध्ये सभासदाचे नाव, मोबाइल, आधार क्रमांक, बँक खाते हे सगळे असते. संपूर्ण डेटाबेसवर वाचण्याची परवानगी दिली, तर तक्त्याला मुळीच न लागणारी ही माहितीही विश्लेषकाच्या हाती पडते आणि तिथून एखाद्या फाइलमधून, पेनड्राइव्हमधून बाहेर जाऊ शकते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रात त्याहून जुने आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात ते नेमके मांडले होते.

या दोन्ही शंकांना आपणहून उत्तर देणारे पत्र साधारण असे असेल :

प्रति,
मा. व्यवस्थापक, संगणक विभाग

विषय : दैनंदिन संकलन अहवालासाठी फक्त वाचण्याच्या परवानगीचे स्वतंत्र लॉगिन मिळण्याबाबत

महोदय,
संकलन विभागाला रोज पहाटे आदल्या दिवसाचा रूटवार व संस्थावार अहवाल लागतो. सध्या ही आकडेवारी आपल्या विभागाकडून रोज फाइलने मिळते. ती ठरल्या वेळी आपोआप मिळावी, यासाठी ही विनंती.

आम्हाला तारीख, पाळी, रूट क्रमांक, संस्था क्रमांक, एकूण लिटर व सरासरी फॅट एवढेच रकाने हवे आहेत. सभासदांची नावे, मोबाइल, आधार व बँक खाते क्रमांक नकोत. यासाठी वेगळा व्ह्यू करून फक्त त्यावर परवानगी दिल्यास पुरेसे आहे.

मुख्य सर्व्हरऐवजी रेप्लिका मिळाली तरी चालेल. पंधरा मिनिटे मागे असलेली आकडेवारी आमच्या कामाला पुरते. क्वेरी रोज भारतीय वेळेनुसार पहाटे ४ वाजता एकदाच चालेल व एकाच दिवसाच्या नोंदी वाचेल. ती पाच मिनिटांत संपली नाही तर तोडावी. बॅकअप किंवा दहा दिवसांच्या बिलाच्या रात्री अडचण होत असेल, तर आपण सांगाल ती वेळ घेऊ.

अहवाल विभागाच्या सर्व्हरवरील फोल्डरमध्ये ठेवला जाईल व तो विभागप्रमुख आणि रूट पर्यवेक्षक यांनाच दिसेल. लॉगिन माझ्या नावाने न देता अहवालाच्या नावाने द्यावे. त्याची जबाबदारी माझी राहील. मुदत ३१ मार्चपर्यंत असावी, पुढे गरज असल्यास नव्याने विनंती करू.

क्वेरी सोबत जोडली आहे. कृपया तपासून बदल सुचवावेत.

आपली विश्वासू,
विश्लेषक, संकलन विभाग

या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य मला ‘नकोत’ वाले वाटते. काय नको ते मागणाऱ्यानेच सांगितले की देणाऱ्याचे निम्मे काम होते. आणि क्वेरी सोबत जोडल्यामुळे संगणक विभागाला ती आधी चालवून तिचा भार मोजता येतो.

उत्तरादाखल संगणक विभागाला फार काही करावे लागत नाही. लागणाऱ्या रकान्यांचा एक व्ह्यू `report` या वेगळ्या स्कीमात बनवायचा आणि मग :

```sql
CREATE ROLE sankalan_report LOGIN CONNECTION LIMIT 2;
GRANT USAGE ON SCHEMA report TO sankalan_report;
GRANT SELECT ON report.daily_collection TO sankalan_report;
ALTER ROLE sankalan_report SET statement_timeout = '5min';
```

व्ह्यू म्हणजे मूळ तक्त्याला पाडलेली खिडकी. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू एरवी आपल्या मालकाच्या अधिकाराने मूळ तक्ता वाचतो. त्यामुळे विश्लेषकाला मूळ तक्त्यावर काहीच अधिकार द्यावा लागत नाही आणि आधारचा रकाना तिला उघडताच येत नाही. पाच मिनिटांच्या मर्यादेची ताकद मात्र ओळखून असावे. लॉगिन वापरणारा आपल्या सेशनपुरती ती मर्यादा स्वतःच वाढवू शकतो. चुकून लांबलेल्या क्वेरीला ती आवर घालते, मुद्दाम लांबवलेल्या क्वेरीला नाही. खरा बंदोबस्त `GRANT` मध्ये आहे : दिलेच नाही ते कोणी घेऊ शकत नाही.

रेप्लिका म्हणजे मुख्य डेटाबेसची सतत मागोमाग अद्ययावत होणारी प्रत. तिच्यावर वाचन नेले की केंद्रावरची नोंद रांगेत अडकण्याचा धोका जातो. पण तिची स्वतःची एक खोड आहे, ती विश्लेषकाने आधीच समजून घ्यावी. मुख्य सर्व्हरवरचा एखादा बदल प्रतीवर उतरवायचा असेल आणि चालू क्वेरी त्याच्या आड येत असेल, तर प्रत थोडा वेळ थांबते. मूळ सेटिंगमध्ये ही सवलत ३० सेकंदांची असते. मग ती क्वेरीच तोडते आणि पडद्यावर `canceling statement due to conflict with recovery` असा संदेश येतो. महिन्यातून एखादे दिवशी असे झाले, तर दहा मिनिटांनी पुन्हा चालवण्याची सोय अहवालाच्या स्क्रिप्टमध्येच असावी. रोजच होऊ लागले, तर क्वेरी लहान करावी किंवा वेळ बदलावी.

पत्रातले ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्दही उगीच नाहीत. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे १२ तारखेचे पहाटेचे चार वाजतात, तेव्हा तिथे ११ तारखेचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. अशा सर्व्हरवर क्वेरीत ‘काल’ म्हणून `CURRENT_DATE - 1` लिहिले, तर उत्तर येते १० तारखेचे. कुठलाही दोष दिसत नाही, तक्ता वेळेवर येतो, आकडे खरे वाटतात, कारण ते खरेच असतात. फक्त परवाचे असतात. आणि शेजारशेजारच्या दोन दिवसांचे संकलन इतके सारखे असते की हे महिनाभरही लक्षात येत नाही. यावर उपाय एकच : अहवालाच्या माथ्यावर तारीख छापायची, तीसुद्धा वाचलेल्या नोंदींमधून उचललेली. तिच्याखाली किती संस्थांपैकी किती संस्थांच्या नोंदी आल्या, तेही छापावे. इंटरनेट गेल्यामुळे एखाद्या केंद्राची नोंद उशिरा चढते, तेव्हा त्या रूटचे संकलन घसरल्यासारखे दिसते. संस्थांची संख्या समोर असली की पर्यवेक्षक आधी केंद्राला फोन करतो, टँकर कमी करत नाही.

राहिला लॉगिनच्या नावाचा प्रश्न. घाईच्या वेळी दोन वाटा निघतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतःचाच पासवर्ड ‘तात्पुरता’ देणे. त्या पासवर्डने लिहिताही येते आणि पुसताही येते, शिवाय कोणती क्वेरी अहवालाची आणि कोणती केंद्राची हे नंतर वेगळे काढता येत नाही. दुसरी म्हणजे विश्लेषकाच्या व्यक्तिगत लॉगिनवर अहवाल चालवणे. तिची बदली झाली, लॉगिन बंद केले की अहवाल बंद पडतो. मग अहवालासाठी ते चालू ठेवले जाते आणि विभाग सोडलेल्या माणसाचा अधिकार तसाच राहतो. अहवालाच्या नावाचे लॉगिन असले की पासवर्ड बदलून काम पुढच्या माणसाकडे देता येते. पोस्टग्रेसमध्ये पासवर्डला `VALID UNTIL` लावून ३१ मार्चची मुदतही घालता येते.

तुमच्या कार्यालयात असा ठरल्या वेळी निघणारा अहवाल असेल, तर एवढे विचारून घ्या : तो कोणाच्या लॉगिनवर चालतो, आणि ती व्यक्ती अजून त्याच विभागात आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नवे पत्र आजच लिहा आणि जुने लॉगिन बंद करण्याची विनंती त्याच पत्रात करा.