abc कुठून आला?

उत्तरपत्रिका तपासायची तीस वर्षं मागे वळून पाहिली, तर एक उत्तर सगळ्यात जास्त वेळा लाल शाईनं गोल केलेलं आठवतं: 4π/3. प्रश्न असायचा एलिप्सॉइडच्या घनफळाचा, x²/a² + y²/b² + z²/c² = 1. मुलगा x, y, z ऐवजी थेट r, θ, φ घ्यायचा, ओळीत r² sinθ लिहायचा, r शून्य ते एक फिरवायचा आणि शेवटी 4π/3 ला चौकट करायचा. a, b, c वाटेत कुठे गळाले, याची त्याला खबरही नसायची. फुटबॉल असो की शेंगदाणा, घनफळ एकच! घनफळात लांबीचा घन आला पाहिजे, हे शाळेत शिकलेलं भान वापरलं असतं तरी चूक तिथल्या तिथे पकडता आली असती.

आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा हे गणित सरळ मार्गानं, म्हणजे अवघड मार्गानं करायचो. सममितीमुळे आठवा भाग घ्यायचा आणि z च्या लिमिट्स घालून 8c∫∫√(1 − x²/a² − y²/b²) dy dx इथवर यायचं. पुढे वर्गमूळ सोडवताना sin आणि cos चा पसारा. पाऊण पान भरायचं आणि एखादा 2 हमखास हरवायचा. नंतर डिरिक्लेचं सूत्र आलं. x²/a² ला एक अक्षर, y²/b² ला दुसरं, आणि बाकीचं काम गॅमा फंक्शनकडे. तीन ओळींत उत्तर यायचं, पण आकार नजरेसमोर राहायचा नाही.

शिकवायला लागल्यावर मी तिसरी वाट धरली, ती अजून सोडलेली नाही. x = au, y = bv, z = cw घ्या. समीकरणातले छेद जातात, उरतो u² + v² + w² ≤ 1, म्हणजे एक त्रिज्येचा भरीव गोल. dx = a du, dy = b dv, dz = c dw, म्हणून

dx dy dz = abc du dv dw

abc अचल आहे, तो इंटिग्रलच्या बाहेर. आत उरलेल्या गोलाचं घनफळ गोलीय निर्देशांकांत तीन सुट्या तुकड्यांत मिळतं: r² चा 1/3, sinθ चा 2, φ चा 2π. गुणाकार 4π/3. म्हणून एलिप्सॉइडचं घनफळ (4/3)πabc. r² sinθ हा या दुसऱ्या पायरीचा गुणक आहे, आणि उत्तरपत्रिकेतला मुलगा पहिली पायरी गाळून थेट तिथे उडी मारत होता.

हे उत्तर इंटिग्रलच्या कितीतरी आधीचं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजनं कोनॉइड आणि स्फेरॉइड यांच्यावरच्या ग्रंथात दाखवलं की स्फेरॉइड केंद्रातून कापला, तर त्याचा अर्धा भाग त्याच पायाच्या आणि त्याच अक्षाच्या शंकूच्या दुप्पट असतो. पाया b त्रिज्येचं वर्तुळ आणि उंची a धरून पाहा. शंकू (1/3)πab², त्याची दुप्पट अर्धा स्फेरॉइड, तिची पुन्हा दुप्पट म्हणजे (4/3)πab². त्याचा स्फेरॉइड लंबवर्तुळ अक्षाभोवती फिरवून झालेला, म्हणून दोन अक्ष सारखे. पण एकाच दिशेनं ताणलं तर घनफळ तेवढ्याच पटीनं वाढतं, हे त्या उत्तरात दिसतंच.

मग अवघड काय राहिलं होतं? ते मला 1994 च्या सुमारास मागच्या बाकावरच्या एका मुलीनं दाखवलं. फळ्यावर मी dx, dy, dz चा गुणाकार करून abc काढला होता. तिनं विचारलं, ‘‘सर, समीकरणात xy आला तर? x² + xy + y² + z² = 1?’’ हाही एलिप्सॉइडच, फक्त तिरका. मी म्हटलं, सोपं आहे, अक्ष 45 अंशांनी फिरवू. x = (t + v)/√2, y = (t − v)/√2. आणि सवयीनं गुणाकार करायला गेलो. dx dy च्या जागी आलं (dt² − dv²)/2. dt dv चा पत्ताच नाही! वर्ग शांत होता, मी त्याहून शांत. अक्ष नुसते फिरवले तर क्षेत्रफळ बदलायला नको, एवढं तर मला ठाऊक होतं. तास संपल्याची घंटा झाली, म्हणून सुटलो.

पुढे वाचनात आलं, की याच जागी ऑयलर अडखळला होता. दुहेरी इंटिग्रलवरच्या 1769 च्या लेखात त्यानं अक्ष फिरवून असाच गुणाकार केला, dt² आणि dv² ची पदं आलेली पाहिली आणि हे अर्थहीन आहे असं ठरवलं. तोडगा काढला तो एका वेळी एकच चल बदलण्याचा. आमच्या गणितावर तो चालवून पाहा. आधी x स्थिर धरा आणि y बदला. y = x − √2 v, म्हणून चिन्ह सोडून dy ऐवजी √2 dv. आता v स्थिर धरून x बदला. x = (t + v)/√2, म्हणून dx ऐवजी dt/√2. √2 आणि 1/√2 एकमेकांना खातात आणि dx dy च्या जागी नेमकं dt dv उरतं. लाग्रांजनं 1773 मध्ये एलिप्सॉइडच्या आकर्षणावर लिहिताना तिहेरी इंटिग्रलमध्ये असाच एकेक चल बदलला. असे चल बदलताना येणारा गुणक म्हणजे आंशिक विकलकांचा निश्चयक, आणि 1841 मध्ये याकोबीनं या निश्चयकांचा पद्धतशीर सिद्धान्त मांडला. कॉलेजातली मुलं ज्याला ‘जेकोबियन’ म्हणतात, तो हाच.

माझी फसगत का झाली, ते यातून उलगडलं. x = au, y = bv, z = cw मध्ये प्रत्येक जुना चल एकाच नव्या चलावर अवलंबून आहे. निश्चयकात कर्णावर a, b, c आणि बाकी सगळे शून्य. म्हणून भोळा गुणाकारही बरोबर उत्तर देतो. चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर देणारं गणित शिक्षकाला सगळ्यात जास्त फसवतं, असं माझं मत झालं आहे.

त्या मुलीचं गणित मात्र मी त्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी पुरं केलं. फिरवल्यावर समीकरण होतं (3/2)t² + (1/2)v² + z² = 1. xy जातो. अर्ध-अक्ष √(2/3), √2 आणि 1. त्यांचा गुणाकार 2/√3, घनफळ 8π/(3√3), म्हणजे सुमारे 4.84. xy कडे दुर्लक्ष केलं असतं, तर एकक गोलाचं 4.19 आलं असतं.

त्या वर्गातच आणखी एकानं विचारलं होतं, की मग पृष्ठफळही असंच abc वरून निघेल का. नाही निघत. ताणल्यावर गोलाच्या आतला प्रत्येक लहान ठोकळा, कुठेही असला, तरी abc पटीनंच फुगतो. पृष्ठभागाचा तुकडा मात्र कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्यावर त्याचं ताणणं ठरतं. गुणक बाहेर काढता येत नाही, आणि तीन वेगळ्या अक्षांसाठी लंबवर्तुळी इंटिग्रल्सशिवाय सुटका नाही.

हल्ली परीक्षेत मी सरळ एलिप्सॉइड देत नाही, xy असलेला देतो. यंदाच्या गठ्ठ्यातही काही चौकटींत 4π/3 सापडलाच. एका पानावर मात्र खाली पेन्सिलनं तिरकं लंबवर्तुळ काढलं होतं, त्याचे दोन अक्ष मोजले होते आणि चौकटीतलं उत्तर खोडलं होतं.