मधुमेहीचे ताट

मधुमेह जडला असे कळताच घरात पहिली गदा येते ती ताटावर. भात बंद, पोहे बंद. भाकरी मात्र हवी तितकी, कारण ज्वारी साखरेला चांगली, अशी आपल्या वाशीमकडे अनेकांची समजूत. ती अर्धीच खरी आहे. ज्वारीत चोथा असतो हे खरे. परंतु 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे 35 ग्रॅम पिष्ट असते, आणि पोटात त्याची साखरच होते. वाटीभर भाताचा हिशेबही जवळजवळ तितकाच. भात सोडून तीन भाकरी खाणाऱ्याने काय साधले, हे श्रोत्यांनीच ठरवावे!

दुसऱ्या प्रकारच्या या मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. म्हणून एका बैठकीत पिष्ट किती जाते, हे पाहावयाचे. पदार्थ आपलेच ठेवून प्रमाण बदलावे, असे आम्ही सुचवितो.

सकाळी पोहे करावेत, पण एरवीच्या निम्मे. उरलेली जागा मोड आलेल्या मटकीने आणि मूठभर शेंगदाण्यांनी भरावी. चहा बिनसाखरेचा. दुपारी एक भाकरी, वाटीभर घट्ट तुरीचे वरण, दीड वाटी मेथी किंवा अंबाडीची भाजी, काकडी-कांदा आणि ताक. अंबाडीत कण्या घालण्याची आपली रीत चविष्ट खरी, पण कण्या म्हणजेही ज्वारीच; त्या घातल्या तर भाकरी तितकी कमी घ्यावी. वरणभाताविना जेवण झाल्यासारखे वाटत नसेल, तर अर्धी भाकरी काढून अर्धी वाटी भात घ्यावा. भाजी व वरण आधी आणि भाकरी-भात मागाहून खाल्ल्यास साखर सावकाश चढते. रात्री झुणका, एक भाकरी, जवसाची चटणी आणि एखादी फळभाजी. तेल मात्र मोजून.

हे मानवते की नाही, हे घरच्या यंत्रावर कळते. जेवणापूर्वी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजावी. बहुतेकांसाठी दुसरा आकडा 180 च्या आत असावा. समजा, दुपारी तो 215 आला. तर उद्या तेच जेवण घेऊन भाकरी तेवढी अर्धी करावी आणि पुन्हा मोजावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला हे उमगत नाही.

एक धोका सांगितला पाहिजे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असता धान्य एकाएकी कमी केले, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात कापतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. म्हणून ताट बदलण्यापूर्वी औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वरण किती घ्यावे, हेही त्यांनाच विचारावे.